मशीन क्रमांक ३ : सुटणारे टाके आणि तुटणारा दोरा

२० मे २०२४

आमच्या बचत गटाकडे जाड मांजरपाटाच्या १२० दप्तर-पिशव्यांचे काम आले आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे २० जूनपर्यंत माल देणे आवश्यक आहे. गटाकडे तीन पायमशीन आहेत. त्यांपैकी दोन व्यवस्थित शिवतात, परंतु क्रमांक ३ हे मशीन गेल्या दोन महिन्यांपासून टाके सोडत आहे आणि पट्टा जोडताना दोरा तोडत आहे. हे मशीन म्हणजे आपल्याकडे घरोघरी दिसणारे साधे काळे मशीन असून त्याचे शटल, म्हणजे खालून वरचा दोरा पकडणारा भाग, पूर्ण फिरत नाही, ते अर्धा फेरा पुढे जाऊन मागे येते.

आतापर्यंत ज्या-ज्या बाई या मशीनवर बसल्या, त्यांनी प्रथम टेन्शनचा, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारा, नट फिरवला. कोणी घट्ट केला, कोणी सैल केला, आणि मूळ नट कोठे होता हे आता कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आजपासून मी नोंदी ठेवत आहे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलणार आहे. तपासणीसाठी पिशवीच्याच कापडाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. टाक्याची लांबी ३ मिलिमीटर ठेवली की ३० सेंटिमीटरमध्ये १०० टाके बसतात, त्यामुळे सुटलेल्या टाक्यांची मोजणी सोपी होते.

आजची स्थिती : दुपदरी पट्टीवर १०० टाक्यांत ७ टाके सुटले. पट्टा जोडतो तसे सहा पदर घेतले तेव्हा २९ सुटले आणि दोरा दोनदा तुटला.

२१ मे

आज केवळ सुई बदलली. जुनी सुई १४ नंबरची होती. तिचे टोक नखावरून हलकेच ओढून पाहिले, तर नखावर बारीक ओरखडा उठला, म्हणजे टोक वळलेले होते. तिची चपटी बाजू आरशाच्या काचेवर टेकवली तेव्हा सुई आणि काच यांच्यातील फट टोकाकडे रुंद होत गेलेली दिसली. म्हणजे सुई वाकलीही होती. डोळ्यांना ती सरळच वाटत होती.

सुईचा एवढा संबंध का येतो, हे गटातील मुलींना दाखवण्यासाठी सरकती पट्टी उघडून हातचाक अगदी हळू फिरवले. सुई सर्वांत खाली जाते तोवर काहीच घडत नाही. ती परत वर निघते तेव्हा लांब चराच्या बाजूचा दोरा त्या चरात बसून सुईबरोबर वर येतो, परंतु दुसऱ्या बाजूचा दोरा कापडाच्या घर्षणाने अडतो आणि नेढ्याच्या थोडा वर बाहेर फुगतो. हा फुगवटा, म्हणजेच दोऱ्याचा फास, ज्वारीच्या दाण्याएवढाही नसतो. शटलचे टोक नेमके त्या क्षणी तेथून जाते, फास उचलते आणि खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवते. फास झालाच नाही, अथवा टोक येण्यापूर्वी किंवा नंतर झाला, तर टाका सुटतो. सुटलेल्या टाक्याचे कारण या एवढ्याशा जागेत असते आणि टेन्शनचा नट तेथून बराच दूर आहे.

बोथट सुई कापडाला भोक पाडण्याऐवजी त्याला खाली ढकलते आणि वर येताना कापड सोबत उचलते. कापडच वर आले तर दोरा अडणार कोठे आणि फास फुगणार कसा? दोऱ्याच्या मानाने सुई बारीक असेल तर दोरा चरात पुरता बसत नाही, कापडावर घासत जातो आणि पिंजतो. उलट सुई फारच जाड असेल तर भोक मोठे पडून दोरा सैल राहतो. योग्य जोडी पाहण्याची एक साधी रीत आहे. सुई मशीनबाहेरच ओवावी, हातभर दोरा तिरका ताणून धरावा आणि सुई वरच्या टोकाला सोडावी. ती स्वतःच्या वजनाने घसरत खाली आली तर दोरा व नेढे जुळतात. आमचा जाड दोरा १४ नंबरच्या सुईत अडकून राहिला, १६ मधून थांबत-थांबत उतरला आणि १८ मधून सरळ उतरला.

नवी १६ नंबरची सुई लावली. ज्या बाजूने शटलचे टोक जाते त्या बाजूला सुईचा चपटा भाग हवा आणि ज्या बाजूने दोरा ओवतो त्या बाजूला लांब चर हवा. आमच्या मशीनवर चपटा भाग उजवीकडे, हातचाकाच्या दिशेने येतो. सुई खोबणीत अडेपर्यंत वर सारून मग स्क्रू आवळला. सुयांच्या डबीत दोन गोल दांड्याच्या सुया मिसळलेल्या आढळल्या. त्या कारखान्यातील मशीनच्या आहेत, त्यांची लांबीही वेगळी असते. त्या बाजूला काढून ठेवल्या.

निकाल : दुपदरीवर ४ टाके सुटले, सहा पदरांवर २१. फरक पडला, पण दोष गेला नाही. दोरा एकदा तुटला.

२३ मे

आज टेन्शन पुन्हा जागेवर आणले. वरचे टेन्शन खालच्याशी तोलायचे असते, म्हणून नेहमी खालून सुरुवात करावी. बॉबिन ज्या डबीत बसते त्या बॉबिन केसच्या पातळ पट्टीखाली तूस इतका घट्ट बसला होता की दोरा पट्टीला टेकतच नव्हता. पिन न वापरता जाड कागदाचा कोपरा पट्टीखालून सरकवून तो काढला, कारण पिनेने पट्टीला ओरखडा पडतो. नंतर बॉबिन भरून केस दोऱ्यावर लटकवली. ती स्थिर राहिली पाहिजे आणि हाताला हलका झटका दिला की दोन-तीन बोटे खाली उतरून पुन्हा थांबली पाहिजे. आमची केस आधी सरळ जमिनीकडे निघाली. बारीक स्क्रू पाव फेरा आवळल्यावर ती नीट थांबू लागली.

वरच्या टेन्शनच्या चकत्यांमध्येही कापसाचा तूस होता. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर उचलला की चकत्या उघडतात, म्हणून दोरा नेहमी पाय वर असतानाच ओवावा. पाय खाली असताना ओवला तर दोरा चकत्यांच्या वरूनच राहतो आणि खाली दोऱ्याचे जाळे होते. असे जाळे दिसले की बहुतेक जणी बॉबिनला दोष देतात, पण खाली दिसणारे जाळे वरच्या दोऱ्याचे असते. वर आणि खाली वेगवेगळ्या रंगांचा दोरा लावून पाहिले की हे लगेच लक्षात येते. मी वर निळा व खाली पांढरा दोरा लावला आणि दोन्हींची गाठ कापडाच्या मध्ये लपेपर्यंत नट थोडा-थोडा फिरवला. नट जवळजवळ दोन फेरे जास्त आवळलेला होता.

निकाल : शिवण दोन्ही बाजूंनी सारखी आणि देखणी आली, परंतु सुटलेल्या टाक्यांची संख्या जवळपास तशीच राहिली. दुपदरीवर ४, सहा पदरांवर २०. दोरा पुन्हा एकदा तुटला.

तुटलेले टोक भिंगाखाली पाहिले. अति ताणाने तुटलेला दोरा आखडून कुरळा होतो. आमचे टोक ब्रशसारखे पिंजलेले होते आणि त्याच्यामागे दोन बोटे लांबीत दोऱ्यावर लव उठली होती. म्हणजे दोरा ओढल्याने तुटत नाही, तो कोठेतरी खरवडला जात आहे.

२६ मे

आज मूळ सापडले, आणि ते गटातील सर्वांत जुन्या काकूंच्या एका वाक्यामुळे सापडले. मी पट्टी शिवत असताना त्या म्हणाल्या, “ताई, सुई पुरी वर नका सारू जी. थोडी खाली ओढून आवळा, मग पाहा कशी शिवते थे.” मी विचारले, हे केव्हापासून करता? “चैत्रापासून. त्याबिगर या मशीनवर कामच होत नाही न.”

तसे करून पाहिले. सुई अंदाजे दीड मिलिमीटर खाली ठेवून आवळली आणि दुपदरी पट्टीवर १०० पैकी एकही टाका सुटला नाही. सहा पदरांवर ५ सुटले. काकूंनी शोधलेला उपाय खरा होता आणि त्यानेच दोषाची जागा दाखवली. सुई खाली ओढल्यावर मशीन नीट शिवत असेल, तर सुई ज्या दांड्याला बसते तो दांडाच तेवढा वर सरकला असला पाहिजे. नंबर बदलला तरी एकाच प्रकारच्या सुईची नेढ्यापर्यंतची लांबी जवळजवळ तीच राहते, म्हणून १४ ऐवजी १६ लावल्याने हा दोष जाणार नव्हता.

हा उपाय मात्र चालू ठेवता येत नाही. अर्धवट बसलेल्या सुईवर स्क्रूची पकड कमी असते आणि जाड शिवणीवर धक्का बसताच सुई घसरते. काकूंना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की वैशाखात एकदा सुई सुटून खाली पडली होती आणि शटलवर ‘खट्’ असा आवाज झाला होता. ही माहिती मी वेगळी लिहून ठेवली, कारण पिंजलेल्या दोऱ्याचे कारण तेथे असू शकते.

सुई पुन्हा पूर्ण वर बसवली, दोरा काढला, सरकती पट्टी उघडली आणि विजेरीच्या उजेडात हातचाक स्वतःकडे फिरवत पाहिले. सुई सर्वांत खालच्या जागेपासून दोन-सव्वादोन मिलिमीटर वर आली की शटलचे टोक सुईच्या मागे पोहोचते. त्या क्षणी ते टोक नेढ्याच्या वरच्या कडेपासून सुमारे दीड मिलिमीटर वर असावे लागते, कारण फास तेथे फुगलेला असतो. आमच्या मशीनवर टोक नेढ्याच्याच उंचीवरून जात होते. तेथे फास जवळजवळ नसतोच, कधी टोकाला दोरा सापडतो आणि कधी टोक रिकामेच निघून जाते.

दांडा का सरकला, याचेही उत्तर मिळाले. मार्चमध्ये एका पिशवीला लोखंडी कडी लावताना सुई कडीवर आदळून मोडली होती. सुई बदलून काम पुढे चालू झाले, पण त्या धक्क्याने दांडा त्याच्या पकडीत वर ढकलला गेला असावा. टाके सुटण्याची तक्रार त्याच सुमारास सुरू झाली.

२८ मे

बाजाराच्या दिवशी तालुक्याहून मशीनचे मिस्त्रीभाऊ येतात. त्यांच्या देखरेखीखाली काम मीच केले, कारण पुढच्या वेळी ते मला एकटीला करता आले पाहिजे. शटलला हालचाल देणाऱ्या खालच्या दांड्याचे स्क्रू सैल करावेत का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला. “थे हलले नाही तं त्याले हात कायले लावता? जे सरकलं थेच जागेवर आणा.” हे मला पूर्ण पटते. दोन्ही बाजू एकदम सैल केल्या तर कशाशी काय जुळवायचे याचा आधारच उरत नाही.

डावीकडची झाकणपट्टी काढली. सुईदांडा एका पकडीत धरलेला असतो आणि त्या पकडीचा स्क्रू समोरून दिसतो. प्रथम दांड्यावर, पकडीच्या कडेलगत, पेन्सिलीने बारीक रेघ मारली. त्यानंतर पायाखाली कापड ठेवून सुई सर्वांत खालच्या जागेवर आणली आणि स्क्रू अर्धा फेराच सैल केला. अधिक सैल केला असता तर दांडा एकदम घसरला असता. दांडा बोटांनी दाबून मोजपट्टीच्या आधाराने दीड मिलिमीटर खाली आणला. या वेळी तो स्वतःभोवती फिरू नये याची काळजी घ्यावी लागते. जराही फिरला तर सुईची चपटी बाजू शटलच्या टोकासमोर राहत नाही आणि उंची बरोबर असूनही टाके सुटतात. पहिल्या प्रयत्नात दांडा किंचित फिरला होता. सुईचा स्क्रू थोडा पुढे वळलेला दिसल्यामुळे ते कळले आणि पुन्हा सैल करावे लागले.

स्क्रू आवळून पुन्हा हातचाकाने पाहिले. टोक आता नेढ्याच्या वर दीड मिलिमीटरवरून जाते. शटलचे टोक आणि सुई यांच्यातील अंतरही तपासले. वर्तमानपत्राच्या कागदाची चिंचोळी पट्टी दोघांमध्ये सरकवली, ती हलकी घासत गेली. अंतर याहून जास्त असते तर टोकाने फास सोडला असता, आणि टोक सुईला टेकत असते तर दोन्ही झिजली असती.

निकाल, १६ नंबरची सुई पूर्ण वर बसवून : दुपदरीवर शून्य. सहा पदरांवर ६. दोरा सहा पदरांवर एकदा तुटला आणि टोक पूर्वीसारखेच पिंजलेले होते.

मिस्त्रीभाऊंनी दांड्यावर पकडीच्या खालच्या कडेशी सुईच्या टोकाने एक कायमची रेघ ओढून दिली. दांडा पुन्हा सरकला तर ती रेघ हललेली दिसेल.

३० मे

आज शटल बाहेर काढले. सुई सर्वांत वर आणून बॉबिन केस काढली, दोन्ही बाजूंच्या कळा बाहेर वळवल्या, वरची कडी काढली आणि शटल मधल्या खुंटीला धरून उचलले. खोबणीत तेल आणि तूस यांचा काळा थर साचला होता. तो रॉकेलच्या फडक्याने पुसला.

शटलच्या टोकावर डोळ्यांना काही दिसले नाही. घरात गेल्या हंगामातील थोडा कापूस होता, त्याची एक पेळू टोकावरून सावकाश ओढली. दोनदा ती सरळ निघून गेली, तिसऱ्यांदा टोकाच्या आतील कडेला तिचा एक धागा अडकून राहिला. भिंगातून पाहिले तेव्हा तेथे खसखशीच्या दाण्याहूनही लहान असा एक उठलेला कंगोरा दिसला. वैशाखातील ‘खट्’ तो हाच. प्रत्येक टाक्याला फास या कडेवरून घसरतो. एकदा घासून दोरा तुटत नाही, पण दोऱ्याचा प्रत्येक तुकडा शिवणीत बसण्यापूर्वी सुईच्या नेढ्यातून आणि या टोकावरून अनेकदा पुढेमागे जातो, आणि तेवढ्यात तो पिंजून जातो.

१००० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीभोवती गुंडाळला आणि कंगोरा टोकाच्या दिशेनेच, एकाच बाजूला, हलक्या हाताने उतरवला. आडवे घासल्यास नवे ओरखडे पडतात आणि जास्त घासल्यास टोक आखूड होते. टोक आखूड झाले तर ते फासापाशी उशिरा पोहोचते, म्हणजे तुटणारा दोरा वाचवताना पुन्हा टाके सुटू लागतात. म्हणून दर आठ-दहा हातांनी थांबून पेळूने तपासले. टोकच मोडलेले असते तर घासण्यात अर्थ नव्हता, नवे शटलच घ्यावे लागले असते.

सुईखालच्या पट्टीचे भोकही पाहिले. मोडलेल्या सुईने त्याच्या कडेला ओरखडा पाडला होता. जाड दोऱ्याला भांडी घासायची बारीक पूड लावून तो दोरा भोकातून पुढेमागे ओढला आणि कड गुळगुळीत केली. पूड राहू नये म्हणून पट्टी धुऊन कोरडी केली. शटल बसवताना खोबणीत तेलाचा एक थेंब सोडला.

निकाल : सहा पदरांवर सलग ३०० टाके शिवले, दोरा एकदाही तुटला नाही. दर शंभरी ५ ते ६ टाके मात्र सुटतच आहेत.

३ जून

राहिलेल्या टाक्यांचे कारण मशीनमध्ये नसून शिवणीच्या उंचवट्यात होते. ते सारे दर वेळी सहा पदरांवर चढताना, चढाच्या पहिल्या दोन-तीन टाक्यांतच सुटत होते. पाय पुढून उचलला जातो, मागून तिरका राहतो आणि सुईभोवतीचे कापड मोकळे राहते. मोकळे कापड सुईबरोबर वर येते आणि फास होत नाही, म्हणजे बोथट सुईने जे घडत होते तेच येथे पायाच्या तिरकेपणाने घडते.

तीन बदल एकामागून एक करून पाहिले. पायावरचा दाब देणारा वरचा स्क्रू दोन फेरे आवळला, तेव्हा ६ चे ३ झाले. चढ येण्यापूर्वी पायाच्या मागच्या अर्ध्या भागाखाली त्याच कापडाची चार पदरी घडी ठेवून पाय सपाट केला, तेव्हा १ उरला. १८ नंबरची सुई लावून चढाचे टाके हातचाकाने घेतले, तेव्हा एकही सुटला नाही. १८ नंबरची सुई दुपदरी शिवणीत मोठी भोके पाडते, म्हणून ती पट्ट्यांपुरतीच वापरायची आणि बाजूच्या शिवणीसाठी १६ ठेवायची असे ठरले.

पट्ट्याची घडी एका बाजूने कमी करून सहा पदरांचे चार करता येतील, असे काकूंनी सुचवले. नमुना शिवून दोन्ही हातांनी जोराने ओढून पाहिला, शिवण टिकली. उरलेले सर्व पट्टे आता चार पदरीच बेतायचे.

८ जून

मशीन ३ वर आज ४६ पट्टे शिवले. दोन टाके सुटले, दोन्ही एकाच पट्ट्यावर. सुई काढून नखावर पाहिली तर टोक वळलेले निघाले, बदलल्यावर पुढे त्रास झाला नाही. जाड मांजरपाटावर अंदाजे २५ पिशव्यांमागे एक सुई लागेल, असा अंदाज आहे. जास्तीच्या धरून २० सुयांची मागणी दिली आहे. टेन्शनच्या नटावर नेलपॉलिशची खूण केली आहे आणि तो कोणी फिरवल्यास तसे वहीत लिहायचे ठरले आहे.

सुईदांड्यावरची रेघ जागेवरच आहे. शटलच्या टोकाची कड पेळूने पुन्हा तपासली, स्वच्छ आहे. घासल्यामुळे टोक किंचित गोलसर झाले आहे, म्हणून पुढच्या बाजाराला मिस्त्रीभाऊंकडून एक नवे शटल आणून ठेवायचे आहे. ते लगेच बसवायचे नाही. बारीक दोऱ्यावर, ११ नंबरच्या सुईने, हे शटल कसे चालते ते गणवेशाचे काम आले की पाहायचे आहे.